पंपाचा रिले ओढताच बोर्ड रीसेट होतो: ईएसपी३२ प्रकल्पाची अपूर्ण कामे आणि तपासणीचा क्रम

पुढील सत्रात मी इंटर्नशिपसाठी जात असल्याने कोपरखैरण्याच्या सोसायटीतील पाण्याच्या टाकीचा प्रकल्प तुझ्या हाती येत आहे. जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा एक अश्वशक्तीचा सिंगल फेज पंप फ्लोट स्विचच्या संकेतावरून आपोआप सुरू आणि बंद करणे, एवढेच त्याचे काम आहे. ईएसपी३२ बोर्ड रिले मॉड्यूल चालवतो, रिले पॅनेलमधील कॉन्टॅक्टरची कॉइल चालवतो आणि कॉन्टॅक्टर पंप चालवतो. कोड, आकृत्या आणि सुटे भाग लॅबच्या कपाटातील आपल्या खोक्यात आहेत. या टिपणात मी एकाच दोषाविषयी सविस्तर लिहीत आहे, कारण उरलेली बहुतेक कामे त्याच्याशीच जोडलेली आहेत आणि तो दूर झाल्यासारखा वाटून पुन्हा उद्भवतो.

लक्षणे

लॅबमध्ये लॅपटॉपच्या यूएसबीवर बोर्ड तासन्‌तास व्यवस्थित चालतो. पंपाच्या खोलीत मोबाइलच्या अडॅप्टरवर लावल्यावर मात्र तो मधूनच रीसेट होतो. हे कधी रिले ओढला जाताना होते, कधी रिले सुटताना, तर कधी रिलेचा काही संबंध नसताना वाय-फाय जोडले जाण्याच्या क्षणी. काही वेळा बोर्ड रीसेट न होता गोठतो किंवा टाकी रिकामी असताना ती भरल्याचे दाखवतो. ही सारी लक्षणे एकाच दोषाची वाटली तरी त्यांची कारणे निदान दोन आहेत. रिले ओढताना किंवा वाय-फाय सुरू होताना बोर्ड पडत असेल, तर त्याचा वीजपुरवठा कमी पडत आहे. रिले सुटताना पडत असेल, तर कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधून उठणारा विद्युत गोंगाट बोर्डापर्यंत पोहोचत आहे. म्हणून कोणत्याही वायरला हात लावण्यापूर्वी बोर्ड ‘ओढताना’ पडला की ‘सुटताना’, हे वहीत लिहून ठेव. एवढ्या एका नोंदीने पुढची अर्धी तपासणी वाचते.

पहिले काम: पंपाला जपणे

दोष शोधण्याआधी हे अपूर्ण काम पूर्ण कर, कारण दोषापेक्षा त्याचा परिणाम जास्त घातक आहे. असे समज की टाकी रिकामी आहे. बोर्ड रिले ओढतो, व्होल्टेज घसरते आणि बोर्ड रीसेट होतो. रीसेट होताच रिले सुटतो. काही सेकंदांत बोर्ड पुन्हा उठतो, टाकी रिकामीच दिसते, आणि तो पुन्हा रिले ओढतो. हे चक्र कोणी पाहत नसताना चालू राहिले, तर मोटर दर काही सेकंदांनी नव्याने सुरू होण्याचा प्रयत्न करत राहते. सुरू होण्याच्या क्षणी मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते. सिंगल फेज मोटरची स्टार्टिंग वाइंडिंग अल्पकाळासाठीच बनवलेली असते, त्यामुळे ती तापून जळू शकते. कॉन्टॅक्टरचे संपर्कबिंदूही यात खराब होतात.

यावरचा उपाय कोडमध्ये आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. बोर्ड कोणत्याही कारणाने उठला, तरी पहिली पाच मिनिटे त्याने पंप सुरू करायचा नाही.

```cpp
const int RELAY_PIN = 26;            // LOW = ON
const uint32_t HOLD_MS = 300000UL;

bool pumpAllowed() {
  static bool ok = false;
  if (!ok && millis() > HOLD_MS) ok = true;
  return ok;
}

void setup() {
  pinMode(RELAY_PIN, OUTPUT);
  digitalWrite(RELAY_PIN, HIGH);
  Serial.begin(115200);
  Serial.printf("reset=%d\n", (int)esp_reset_reason());
}
```

`ok` हा ध्वज मुद्दाम ठेवला आहे. `millis()` सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर परत येते. नुसती तुलना लिहिली असती, तर त्या क्षणी पाच मिनिटांसाठी पंप विनाकारण अडला असता. `pinMode` आणि `digitalWrite` यांच्यामध्ये पिन क्षणभर खाली जाऊ शकते, पण तो क्षण मायक्रोसेकंदांचा असतो आणि यांत्रिक रिलेला ओढले जायला काही मिलिसेकंद लागतात, त्यामुळे त्याची चिंता नको. मात्र बोर्ड उठत असताना, कोड सुरू होण्याआधी, ही पिन अधांतरी असते. तिला ३.३ व्होल्टकडे ओढणारा १० किलोओहमचा रेझिस्टर ब्रेडबोर्डवर आहे, पर्फबोर्डवर तो सोल्डर करायचा राहिला आहे. `pumpAllowed()` मुख्य चक्रात पंप सुरू करण्याच्या अटीत जोडणेही बाकी आहे. ही दोन कामे होईपर्यंत बोर्ड पंपाला जोडून एकटा सोडू नकोस.

रीसेटचे कारण वाचणे

आता तपासणीकडे वळू. सर्वांत सोपी पायरी म्हणजे बोर्डालाच विचारणे. वरच्या कोडमधील शेवटची ओळ प्रत्येक बूटला एक आकडा छापते. `9` म्हणजे ब्राउनआउट, अर्थात व्होल्टेज धोक्याच्या पातळीखाली गेल्याने चिपने स्वतःला थांबवले. `4` म्हणजे प्रोग्रॅम कोसळला, तर `5`, `6` किंवा `7` म्हणजे वॉचडॉगने रीसेट केले. `1` म्हणजे वीज पूर्ण जाऊन परत आली. मात्र व्होल्टेज अगदी खालपर्यंत घसरले तरीही `1` दिसतो, म्हणून वीज गेलेली नसताना `1` आला, तर तो पुरवठ्याचाच दोष समजावा.

सिरियल मॉनिटरवर बूटच्या वेळी आपोआप छापल्या जाणाऱ्या `rst:` ने सुरू होणाऱ्या ओळीवर एकटीवर विसंबू नकोस. ब्राउनआउट झाल्यावर चिप आधी `Brownout detector was triggered` असा संदेश देते आणि मग सॉफ्टवेअरमधून रीसेट होते. त्यामुळे पुढच्या ओळीत `SW_CPU_RESET` दिसते आणि दोष कोडमध्ये असल्याचा समज होतो. `esp_reset_reason()` हा फरक ओळखते.

अडचण अशी की पंपाच्या खोलीत लॅपटॉप लावून बसता येत नाही, आणि लॅपटॉप लावला की पुरवठा बदलतो, म्हणून दोषही गायब होतो. यासाठी हा आकडा वाय-फाय जोडले गेल्यावर सर्व्हरला पाठवायचा असे ठरले होते. पाठवणारे फंक्शन लिहून तयार आहे, पण ते अजून बूटच्या क्रमात बोलावलेले नाही. हे दुसरे अपूर्ण काम पूर्ण झाले, की पुढील प्रत्येक तपासणीचा निकाल घरबसल्या कळेल.

आकडा `4` ते `7` यांपैकी असेल आणि तो रिलेच्या हालचालीशी जुळत नसेल, तर हे टिपण बाजूला ठेवून कोड तपास. तिथे केबल बदलून काही उपयोग होणार नाही.

केबल आणि अडॅप्टर

आकडा `9` असेल, तर प्रथम यूएसबी केबल बदल. ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळा दोष इथेच सापडला आहे. कारण समजावे म्हणून पंपाच्या खोलीतील प्रत्यक्ष मांडणीचाच हिशेब मांडतो.

तिथली केबल दोन मीटर लांब आणि बारीक आहे. अशा केबलमध्ये वीज वाहणारी तार बहुधा २८ गेजची असते आणि तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. प्रवाह जातो आणि परत येतो, म्हणून एकूण तार चार मीटर धरावी लागते आणि रोध ०.८५ ओहमच्या आसपास जातो. वाय-फाय पाठवत असताना ईएसपी३२ सुमारे २४० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेते, पाच व्होल्टच्या रिलेची कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर घेते, आणि बोर्डावरील इतर भाग व दिवे धरून एकूण ०.४ अँपिअर समजू. केबलमध्येच ०.३४ व्होल्ट खर्च होतात. पाच व्होल्टचे ४.६६ राहतात. बोर्डावरील डायोड आणखी सुमारे ०.३ व्होल्ट घेतो आणि ४.३६ उरतात. आपल्या बोर्डावरील एएमएस१११७ या रेग्युलेटरला ३.३ व्होल्ट स्थिर ठेवण्यासाठी त्याहून सुमारे १.१ व्होल्ट जास्त, म्हणजे ४.४ व्होल्ट लागतात.

म्हणजे केवळ केबलमुळे रेग्युलेटर त्याच्या मर्यादेखाली गेला. एवढ्याने लगेच ब्राउनआउट होत नाही, कारण चिपची धोक्याची पातळी सुमारे २.४ व्होल्ट आहे. पण आता रेग्युलेटरकडे सांभाळण्यासाठी काहीच शिल्लक नाही. त्यानंतर येणारा प्रत्येक धक्का, मग तो सैल जंपर वायरचा असो, ब्रेडबोर्डच्या खराब संपर्काचा असो किंवा स्वस्त अडॅप्टरच्या घसरणीचा, जसाच्या तसा चिपपर्यंत पोहोचतो. याउलट अर्धा मीटर लांबीची, २४ गेजची वीजवाहक तार असलेली केबल वापरली, तर त्याच प्रवाहाला केबलमध्ये जेमतेम ०.०३ व्होल्ट खर्च होतात आणि रेग्युलेटरपाशी सुमारे ४.६७ व्होल्ट मिळतात.

मोजायचे असेल, तर मल्टिमीटर बोर्डाच्या `5V` आणि `GND` पिनांवर लाव. यूएसबीवरून पुरवठा असताना ही पिन डायोडच्या नंतर येते, त्यामुळे तिथला आकडा थेट रेग्युलेटरला मिळणारा आकडा असतो. रिले ओढलेला आणि वाय-फाय चालू असताना तो ४.६ व्होल्टच्या वर राहिला पाहिजे. मात्र साधा मल्टिमीटर सेकंदाला मोजक्याच वेळा आकडा बदलतो आणि मिलिसेकंदांची घसरण त्याला दिसत नाही. त्यामुळे वाईट आकडा आला, तर दोष सिद्ध होतो, पण चांगला आकडा आला म्हणून पुरवठा निर्दोष ठरत नाही. खात्री करायची असेल, तर लॅबमधील ऑसिलोस्कोप ३.३ व्होल्टच्या पिनवर लावून ट्रिगर ३ व्होल्टवर, उतरत्या कडेवर ठेवावा. तो कसा लावायचा हे प्रयोगशाळा सहायकांना विचारून कर.

पंपाच्या खोलीतील दमट हवेमुळे, विशेषतः पावसाळ्यात, यूएसबीच्या टोकांवर आणि जंपर वायरींवर गंज लवकर धरतो. जून ते सप्टेंबरमध्ये जुनी केबल पुन्हा दोष दाखवू लागली, तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस. तो नवा दोष नसतो.

रिलेचा पुरवठा वेगळा करणे

केबल बदलूनही `9` येत राहिला, तर रिलेची कॉइल बोर्डाच्या `5V` पिनवरून चालवणे थांबवायला हवे. सध्या ती तिथूनच चालते आणि हे तिसरे अपूर्ण काम आहे. आपल्या दोन चॅनेलच्या मॉड्यूलवर `JD-VCC` आणि `VCC` यांना जोडणारा जंपर आहे. तो काढून `JD-VCC` आणि त्याच बाजूचा `GND` वेगळ्या पाच व्होल्ट अडॅप्टरला जोडावा, आणि `VCC` बोर्डाच्या ३.३ व्होल्टला जोडावे. संकेताच्या बाजूला `VCC` आणि `IN` या दोनच वायरी पुरतात. रिलेच्या बाजूचा `GND` बोर्डाच्या `GND` ला जोडू नये. तो जोडला की ऑप्टोकपलरमुळे मिळणारे विलगीकरण नावापुरतेच उरते.

`VCC` ३.३ व्होल्टवर ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. ते पाच व्होल्टवर असले आणि बोर्डाने पिन वर केली, तरी दोन्हींमध्ये १.७ व्होल्टचा फरक राहतो. त्यामुळे ऑप्टोकपलरमधून थोडा प्रवाह वाहत राहून रिले सुटायला कुरकुर करू शकतो. रिलेचा दिवा मंद तेवताना दिसला, तर हेच कारण समज. उलट काही मॉड्यूल ३.३ व्होल्टवर पुरेसा प्रवाह न मिळाल्याने ओढतच नाहीत. आपले मॉड्यूल ओढते, हे ब्रेडबोर्डवर पाहिलेले आहे, पण मॉड्यूल बदलले तर ही गोष्ट पुन्हा तपासावी लागेल.

यानंतरही शंका राहिली, तर बोर्डाच्या `5V` आणि `GND` पिनांच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरड, १० किंवा १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लाव. त्याची ध्रुवता दोनदा पाहून घे. कपॅसिटर क्षणिक घसरण भरून काढतो, बारीक केबलची कायमची घसरण भरून काढत नाही. म्हणूनच तो केबलच्या आधी नव्हे, नंतर येतो. हे भाग खोक्यात नसतील, तर लॅमिंग्टन रोडला मिळतात. तुला कळव्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे लागेल, तेव्हा रेझिस्टर, कपॅसिटर आणि स्क्रू टर्मिनल एकाच फेरीत आण.

शोध घेताना तुला ब्राउनआउट डिटेक्टर बंद करणारी ही ओळ बऱ्याच ठिकाणी सुचवलेली सापडेल.

```cpp
WRITE_PERI_REG(RTC_CNTL_BROWN_OUT_REG, 0);
```

ती आपल्या कोडमध्ये कधीही घालू नकोस. तिने व्होल्टेज सुधारत नाही, फक्त इशारा बंद होतो. मग चिप अपुऱ्या व्होल्टेजवर चालत राहते, आणि त्याच वेळी फ्लॅशमध्ये काही लिहिले जात असेल, तर साठवलेली माहिती बिघडू शकते. पंपाला जोडलेल्या यंत्राने अशा अवस्थेत निर्णय घेऊ नयेत, हे माझे ठाम मत आहे.

रिले सुटताना बोर्ड पडत असेल तर

ही दुसरी वाट आहे. कॉन्टॅक्टरची कॉइल बंद होताना तिच्यात साठलेली ऊर्जा उच्च व्होल्टेजच्या रूपाने बाहेर पडते, रिलेच्या संपर्कबिंदूंवर ठिणगी उडते आणि तिचा गोंगाट जवळच्या प्रत्येक लांब वायरमध्ये शिरतो. आपल्या मांडणीत सर्वांत लांब वायर गच्चीवरच्या फ्लोट स्विचची आहे, जी डक्टमधून खाली येते.

दोष खरोखर कॉन्टॅक्टरचा आहे का, हे पॅनेल न उघडता कळते. सोसायटीच्या पंप ऑपरेटरला पंपाचा एमसीबी बंद करायला सांग आणि मग रिले काही वेळा ओढून सोडून पाहा. रिलेचा आवाज येतो, पण कॉन्टॅक्टरचा येत नाही, अशी स्थिती झाली पाहिजे. कॉन्टॅक्टर तरीही वाजला, तर त्याच्या कॉइलला दुसरीकडून वीज येत आहे. अशा वेळी चाचणी तिथेच थांबव. कॉन्टॅक्टर गप्प असताना बोर्ड नीट चालला आणि एमसीबी चालू करताच पडू लागला, तर कारण निश्चित झाले.

आपल्या हातातला उपाय फ्लोटच्या वायरवर आहे. ती वायर जीपीआयओ ३४ वर येते. ३४ ते ३९ या पिना केवळ इनपुटच्या आहेत आणि त्यांना अंतर्गत पुल-अप नाही, म्हणून कोडमध्ये `INPUT_PULLUP` लिहून तिथे काहीही होत नाही. ज्या पिनांना अंतर्गत पुल-अप असतो, तिथेही तो सुमारे ४५ किलोओहमचा, म्हणजे एवढ्या लांब वायरसाठी दुबळाच असतो. पर्फबोर्डवर वायर जिथे येते, तिथून ३.३ व्होल्टकडे ४.७ किलोओहम, पिनकडे जाताना मालिकेत १ किलोओहम, आणि पिनपासून `GND` कडे १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करायचा आहे. हे चौथे अपूर्ण काम. कोडमध्ये फ्लोटची स्थिती सलग दोन सेकंद एकसारखी राहिल्यावरच मान्य करण्याची अट आधीच घातलेली आहे, ती काढू नकोस. शिवाय फ्लोटची वायर पंपाच्या वायरीला समांतर बांधलेली असेल, तर ती शक्य तेवढी दूर न्यावी.

एक गोष्ट कटाक्षाने पाळ. सोसायटीचा जुना फ्लोट स्विच आजही तिथे आहे आणि अशा जोडण्यांत फ्लोटमधून थेट २३० व्होल्ट जाऊ शकतात. आपला फ्लोट वेगळा आहे आणि त्याच्या वायरीला दोन्ही टोकांना निळी पट्टी लावली आहे. पट्टी नसलेली कोणतीही वायर बोर्डाला जोडू नकोस, तिच्यात वीज नसल्यासारखी दिसली तरीही.

इथे थांबावे

वरचे सारे करूनही रिले सुटताना बोर्ड पडत राहिला, तर उरलेला उपाय कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर लावणे हा आहे. तो १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड यांच्या मालिकेचा असतो आणि त्यातील कपॅसिटर एक्स२ वर्गाचा, २३० व्होल्ट एसीसाठी बनवलेलाच असावा लागतो. तयार स्नबरही मिळतात. काय लावायचे हे तुला माहीत असावे म्हणून लिहिले आहे, पण ते लावण्याचे काम आपले नाही. ते सोसायटीने नेमलेल्या परवानाधारक वायरमननेच करायचे आहे आणि आपण पॅनेलचे दार उघडायचे नाही, मग एमसीबी बंद असला तरीही.

पुढील गोष्टींपैकी एक जरी दिसली, तर तपासणी सोडून आधी पंप ऑपरेटरला मुख्य स्विच बंद करायला सांग आणि वायरमनला बोलाव: पॅनेलमधून जळका वास येणे, कॉन्टॅक्टर सतत गुणगुणणे किंवा थरथरणे, रिले मॉड्यूलचे टर्मिनल तापणे किंवा काळे पडणे, आरसीसीबी पुन्हा पुन्हा पडणे, आणि बोर्डाच्या खोक्याला किंवा पाइपला हात लावल्यावर झिणझिण्या येणे. ओल्या जमिनीवर उभे राहून यांपैकी कशाचीही खात्री करून घेण्याचा प्रयत्न करू नकोस. रिलेचा संपर्क चिकटून बसला आणि बोर्डाने सोडूनही पंप चालू राहिला, तरी हाच नियम लागू आहे. तोपर्यंत पॅनेलवरचा निवड स्विच हस्तचलित बाजूला ठेवून पंप ऑपरेटरनेच पंप चालवावा, असे सोसायटीच्या सचिवांशी ठरलेले आहे आणि त्यांचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर आहे.